सोलर ड्रायर बांधताना वाऱ्याची वाट कशी आखावी : १० किलो टोमॅटोचा हिशेब

नारायणगावजवळ मामाच्या शेतावर मी पहिला सोलर ड्रायर बांधला, तेव्हा माझं सगळं लक्ष थर्मामीटरवर होतं. पेटी काळी, वर काच, फटी सिलिकॉनने बुजवलेल्या. आत ७२ अंश दाखवत होतं आणि मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मामीने दार उघडलं आणि म्हणाली, "अरे, वरच्या ट्रेला घाम फुटलाय बघ. आणि वास आंबट येतोय." खालच्या ट्रेमधल्या चकत्या कडेने करपल्या होत्या, वरच्या उकडल्यासारख्या लिबलिबीत झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी वरच्या ट्रेवर पांढरी बुरशी आली.

चूक उन्हाची नव्हती, काचेचीही नव्हती. हवा आत यायला मी २ इंची ६ भोकं ठेवली होती. त्यांचं एकूण क्षेत्रफळ भरतं साधारण १२० चौ. सेंमी. त्या ड्रायरला हवी होती जवळपास १० पट मोठी वाट. हा आकडा कुठून येतो आणि एकदा मिळाल्यावर काच, ट्रे, चिमणी हे सगळं त्याच्याभोवती कसं बसवायचं, ते या लेखात सांगतो. उदाहरण पुणे परिसरातलं, एप्रिल महिन्यातलं आणि एका खेपेला १० किलो टोमॅटोच्या चकत्यांचं.

आधी पाण्याचा हिशेब

ड्रायरचं काम टोमॅटो गरम करणं नाही, त्यातलं पाणी बाहेर नेणं आहे. म्हणून पहिला प्रश्न: पाणी किती? पिकलेल्या टोमॅटोत साधारण ९४ टक्के पाणी असतं. म्हणजे १० किलो चकत्यांत कोरडा माल फक्त ६०० ग्रॅम. चकती कडक वाजेपर्यंत वाळवली तरी त्यात १० टक्क्यांच्या आसपास ओल राहते, म्हणून शेवटी हातात येतात सुमारे ६७० ग्रॅम. बाकीचं जवळजवळ साडेनऊ किलो पाणी हवेबरोबर गेलं पाहिजे.

१ किलो पाण्याची वाफ करायला जी उष्णता लागते ती विजेच्या भाषेत मोजली तर पाऊण युनिटाला थोडी कमी, साधारण ०.६७ युनिट. पुण्यात एप्रिलच्या निरभ्र दिवशी १ चौरस मीटरवर साडेसहा युनिटांच्या आसपास ऊन पडतं. पण पंख्याशिवाय चालणाऱ्या चांगल्या ड्रायरमध्येही त्यातला एक चतुर्थांशच प्रत्यक्ष पाणी उडवण्यात खर्च होतो. बाकीचं काचेवरून परत जातं, पेटीच्या अंगातून झिरपतं किंवा गरम हवेबरोबर चिमणीतून बाहेर पडतं. नव्याने हिशेब करणाऱ्याने हा पाव हिस्साच धरावा. ड्रायरचे विक्रेते याहून मोठे आकडे सांगतात, पण ते बहुतेक पंखा लावून आणि पहिल्या काही तासांतले असतात. तेव्हा माल ओला असतो आणि पाणी सहज निघतं.

आता गणित सोपं आहे. साडेनऊ किलो पाणी दोन दिवसांत काढायचं, म्हणजे दिवसाला सरासरी पावणेपाच किलो. त्याला लागतात सव्वातीन युनिट. हा एक चतुर्थांश असेल तर एकूण ऊन हवं १३ युनिट, म्हणजे २ चौरस मीटर काच. १ मीटर रुंद, २ मीटर लांब. कलेक्टरचं, म्हणजे उन्हाने हवा तापवणाऱ्या काचेच्या पेटीचं माप ठरलं. तिथे तापलेली हवा पुढे ट्रेच्या कपाटातून जाते आणि चिमणीतून बाहेर पडते.

वाट किती रुंद हवी

एप्रिलमधल्या दुपारी पुण्याची हवा ३७ अंश आणि २० टक्के आर्द्रतेची असते. ती कलेक्टरमधून जाऊन ५८ अंशांवर पोहोचली की आर्द्रता उतरते सुमारे ७ टक्क्यांवर. ही हवा ट्रेमधून जाते, पाणी उचलते आणि उचलता उचलता थंड होते. थंड होण्याचं कारण म्हणजे वाफ करायला लागणारी उष्णता तीच पुरवते. हवा ५८ वरून ४५ अंशांवर आली, तर प्रत्येक किलो हवेने साधारण ५ ग्रॅम पाणी उचललं असं समजावं. एवढंच. एक किलो हवा म्हणजे जवळजवळ एक घनमीटर, आणि त्यात मावतं फक्त एक चमचा पाणी.

हा चमचा डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं आपोआप कळतं. दिवसाला पावणेपाच किलो पाणी न्यायचं तर साडेनऊशे किलो हवा लागेल. उन्हाचे चांगले तास ७ धरले तर तासाला १३० घनमीटर. म्हणजे मध्यम आकाराच्या तीन-चार खोल्यांमधली सगळी हवा दर तासाला त्या पेटीतून गेली पाहिजे.

पंखा नसताना ही हवा कोण ढकलतं? आतली गरम हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असते, म्हणून ती वर चढते. पण हा जोर फार थोडा असतो. गरम हवेचा स्तंभ २ मीटर उंच आणि फरक १३ अंशांचा असेल, तर दाब मिळतो १ पास्कलहून कमी. पाण्याच्या उंचीत सांगायचं तर एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापेक्षाही थोडा. इतक्या दुबळ्या जोरावर हवा चालते सेकंदाला साधारण ३० सेंमी वेगाने, तेही वाटेत कुठे अडली नाही तर. तासाला १३० घनमीटर हवा ३० सेंमीच्या वेगाने नेण्यासाठी वाटेचा छेद लागतो सुमारे १,२०० चौ. सेंमी.

हा १,२०० चा आकडा पेटीच्या दारावर आतून खडूने लिहून ठेवा. हवा आत येते तिथपासून चिमणीच्या टोपीपर्यंत, वाटेत एकाही ठिकाणी छेद याहून लहान होता कामा नये. एक जागा जरी अरुंद झाली, तरी संपूर्ण ड्रायर त्या जागेच्या मापाचा होतो. माझ्या त्या ६ भोकांमुळे असंच झालं होतं. हवा कमी, म्हणून ती कलेक्टरमध्ये जास्त वेळ तापत राहिली आणि ७२ अंश दिसले. ते ७२ अंश म्हणजे ड्रायर तुंबल्याची खूण होती.

कलेक्टर

पेटी १२ मिमी प्लायची, आतून १०० सेंमी रुंद, २०० सेंमी लांब आणि १२ सेंमी खोल. १०० गुणिले १२ म्हणजे १,२००, वाट सुरू झाली. तळाला प्लायच्या दोन थरांमध्ये ग्लासवूल भरा आणि ते चारही बाजूंनी पूर्ण बंद करा, त्याचे तंतू हवेत येता कामा नयेत. थर्माकोल वापरू नका. खेप नसताना रिकामा कलेक्टर खूप तापतो आणि थर्माकोल मऊ होऊन आकसतो.

ऊन शोषायला काळा पत्रा चालतो, पण मी आता ॲल्युमिनियमची डासांची जाळी वापरतो. तिचे दोन थर, मॅट काळ्या उष्णतारोधक रंगाने रंगवलेले, एकमेकांपासून दोन बोटं अंतरावर. जाळी पेटीत तिरपी ताणायची: खालच्या टोकाला ती तळाशी, वरच्या टोकाला काचेजवळ. हवा खालून काचेखाली शिरते, जाळीतून आरपार जाते आणि वरच्या टोकाला जाळीच्या मागून बाहेर पडते. यात दोन फायदे आहेत. हवा जाळीच्या प्रत्येक तारेला स्पर्श करते, त्यामुळे पत्र्यापेक्षा लवकर तापते. आणि सर्वांत गरम हवा काचेपासून दूर राहते, त्यामुळे काचेतून उष्णता कमी वाया जाते. रंग लावल्यावर ड्रायर तीन-चार दिवस रिकामा उन्हात चालवा. नाक लावून रंगाचा वास पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय खाण्याचा माल आत ठेवू नका.

खालच्या तोंडाला कीटक आणि उंदरांसाठी जाळी हवीच. पण बारीक जाळीत तारा बरीच जागा अडवतात, उरलेली मोकळी जागा साधारण ६० टक्के. म्हणून तोंड सरळ बंद न करता पुढे उतरतं खोकं करून जाळी तिरपी लावा, म्हणजे जाळीचं क्षेत्रफळ २,००० चौ. सेंमी मिळेल आणि वाट १,२०० ची राहील. दर आठवड्याला ही जाळी कुंच्याने झाडा. मार्च ते मे पुण्याच्या हवेत धूळ भरपूर असते आणि जाळी हळूहळू बुजते. बुजली की वर तापमान वाढतं, आणि नवखा माणूस ऊन कडक झालं असं समजतो.

कल दक्षिणेकडे २० अंश. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, त्यामुळे वर्षभराच्या वापराला हा कल जवळजवळ नेमका बसतो. मेच्या मध्यावर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो, तेव्हा २० अंशांच्या कलामुळे दुपारचं ऊन साधारण ६ टक्के कमी मिळतं. ते सोडून द्या. काच सपाट ठेवली तर हवेला चढ मिळत नाही आणि नुकसान त्याहून कितीतरी जास्त होतं.

काच की प्लास्टिक

या कलेक्टरला मी ४ मिमी टफन्ड काचेचे १ मीटर गुणिले १ मीटरचे दोन तुकडे लावतो. काचेतून ८५ टक्क्यांच्या आसपास ऊन आत येतं आणि आतल्या तापलेल्या जाळीची उष्णता ती बाहेर जाऊ देत नाही. एका तुकड्याचं वजन १० किलो भरतं, त्यामुळे खालची चौकट मजबूत हवी. खिडकीची जुनी काच मिळाली तर तिची कड बघा आणि वर फिल्म नाही ना ते तपासा. रंगीत किंवा फिल्म लावलेली काच नेमकं हवं तेच ऊन अडवते. दोन तुकड्यांच्या जोडाखाली आडवी पट्टी द्या, पण ती १२ सेंमीच्या वाटेत खाली उतरू देऊ नका.

काच परवडते ती एका कारणाने: या रचनेत ट्रे काचेखाली नाहीत, वेगळ्या बंद कपाटात आहेत. काच फुटली तर तुकडे कलेक्टरमध्ये पडतात. ज्या ड्रायरमध्ये ऊन थेट मालावर पडतं, तिथे ट्रेच्या वर काच लावू नका. तिथे पॉलिकार्बोनेट किंवा पॉलिहाउसचा कागद.

पॉलिकार्बोनेटची ६ मिमी दुहेरी शीट हलकी असते, फुटत नाही, आतल्या पोकळीमुळे उष्णताही धरते. ऊन काचेहून थोडं कमी सोडते. तिच्याबाबत तीन चुका नेहमी होतात. ज्या बाजूला अतिनील किरणांपासून संरक्षणाचा थर असतो ती बाजू वर हवी. शीटवरच्या कागदावर तसं छापलेलं असतं आणि लोक कागद आधी काढून टाकतात. दुसरं, आतल्या नळ्या उताराच्या दिशेने हव्यात, म्हणजे त्यात साचलेलं दव खाली निघून जातं. आणि तिसरं, ही शीट उन्हात पसरते. २ मीटर लांबीला ४० अंशांच्या फरकाने साधारण ५ मिमी. स्क्रूची भोकं मोठी ठेवली नाहीत तर पहिल्याच उन्हाळ्यात शीट फुगून वाकते.

पॉलिहाउसचा २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद सर्वांत स्वस्त. फुलशेतीवाल्यांकडे उरलेला तुकडाही मिळतो. त्यातून उष्णता काचेपेक्षा जास्त निसटते, म्हणून तापमान चार-पाच अंश कमी मिळेल असं धरून चाला. पण साधं पारदर्शक प्लास्टिक नको. एका उन्हाळ्यात ते पिवळं पडून घडीवर तडकतं.

कशाचीही निवड करा, ती पुसा सकाळी, ऊन चढण्याआधी. तापलेल्या साध्या काचेवर गार पाणी टाकलं की ती तडकते.

कपाट आणि ट्रे

इथे वेळ द्या. बहुतेक घरगुती ड्रायर कलेक्टरमध्ये बरे असतात आणि ट्रेमध्ये फसतात.

चकत्या ८ मिमी जाडीच्या, एकच थर, एकमेकींना न चिकटता. अशा मांडणीत १ चौरस मीटरवर ५ किलो बसतात. १० किलोला २ चौरस मीटर ट्रे लागतील. ९८ गुणिले ५५ सेंमीचे ४ ट्रे केले तर ते काम भागतं.

आता हे ४ ट्रे कपाटात कसे ठेवायचे? सरळ एकावर एक ठेवले आणि कपाटाची पूर्ण खोली व्यापली, तर हवेला प्रत्येक ट्रेच्या जाळीतून आणि चकत्यांच्या फटींतून वर जावं लागतं. चकत्यांनी ट्रेचा बराचसा भाग झाकलेला असतो. असे चार अडथळे एकामागोमाग, आणि ढकलणारा जोर एका पास्कलचा. हवा दाराच्या फटी शोधते आणि तिथून निघून जाते.

त्याऐवजी नागमोडी वाट करा. कपाटाची आतली खोली ६७ सेंमी ठेवा, म्हणजे ट्रेहून १२ सेंमी जास्त. पहिला ट्रे मागच्या भिंतीला टेकवा, समोर १२ सेंमी मोकळे. दुसरा समोर दाराला टेकवा, मागे १२ मोकळे. तिसरा पुन्हा मागे, चौथा पुढे. हवा पहिल्या ट्रेखालून समोर येते, मोकळ्या जागेतून वळते, दुसऱ्या ट्रेखालून मागे जाते, अशी चारदा फिरून वर जाते. प्रत्येक वळणाला छेद १०० गुणिले १२, म्हणजे पुन्हा १,२००. दोन ट्रेंमधली मोकळी उंचीही १२ सेंमीच हवी. ट्रेची चौकट आणि चकत्या मिळून ३ सेंमी घेतात, म्हणून पट्ट्या १५ सेंमी अंतराने ठोका. पहिल्या ट्रेखाली आणि शेवटच्या ट्रेवर थोडी मोकळी जागा धरून कपाटाची उंची ९० सेंमी होते.

मामीने एक गोष्ट माझ्या आधी हेरली होती. कपाट फार उंचावर असेल तर वरचा ट्रे बाईमाणसाला काढता येत नाही, आणि जो ट्रे काढता येत नाही तो फिरवला जात नाही. म्हणून कलेक्टरचं खालचं तोंड जमिनीपासून ३० सेंमीवरच ठेवा. २० अंशांच्या कलाने २ मीटरला ६८ सेंमी चढ मिळतो, कपाट साधारण १ मीटरवर सुरू होतं आणि वरचा ट्रे १.६ मीटरच्या आसपास येतो. हाताला पोहोचतो. त्याहून खाली तोंड आणलं तर जमिनीवरची धूळ आत ओढली जाते.

ट्रेची जाळी स्टेनलेस स्टीलची किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या नायलॉनची. टोमॅटो आंबट असतो. जस्ताच्या मुलाम्याची किंवा ॲल्युमिनियमची जाळी त्या आम्लाने खाल्ली जाते आणि धातू चकत्यांत उतरतो. कलेक्टरमध्ये ॲल्युमिनियमची जाळी चालते, कारण तिला माल लागत नाही. स्टीलची जाळी आणि पत्रा नाना पेठ-भवानी पेठेच्या बाजूला, बिजागऱ्या आणि स्क्रू बोहरी आळीत मिळतात. प्लाय टिंबर मार्केटमधून घ्या आणि तिथेच मापाने कापून घ्या, घरी करवतीने १ मीटरची सरळ कड येत नाही.

कपाटाला काच नको. उजेडाने टोमॅटोचा लाल रंग फिका पडतो, मेथी आणि कोथिंबीर तर पिवळट होते. दार कलेक्टरच्या विरुद्ध म्हणजे उत्तरेच्या बाजूला, चारही कडांना रबरी पट्टी. दार लावल्यावर आत टॉर्च ठेवून संध्याकाळी बाहेरून बघा. जिथून उजेड दिसतो तिथून हवा चोरवाटेने जाते.

चिमणी

३५ गुणिले ३५ सेंमीची पत्र्याची चिमणी म्हणजे १,२२५ चौ. सेंमी. उंची १ मीटर, बाहेरून काळी. काळी असण्याचं कारण असं की ट्रेमधून आलेली हवा ४५ अंशांवर उतरलेली असते. चिमणी उन्हात तापलेली असेल तर ही हवा आणखी थंड होऊन जड होत नाही. टोपी किमान १५ सेंमी वर उचललेली हवी आणि त्या फटीलाही जाळी लावा. टोपी दोन बोटं वर ठेवून छान दिसते, पण मग १,२०० ची वाट तिथे ३००-४०० ची होते. मे महिन्यात वळवाच्या आधी वावटळ येते, म्हणून चिमणीला तीन बाजूंनी तार ओढून बांधा.

पंखा लावायचा असेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास १२ व्होल्टचे, १२ सेंमीचे पंखे मिळतात. दोन पंखे आणि २० वॅटचं छोटं सोलर पॅनेल पुरतं. बॅटरी घालू नका. ऊन वाढलं की पंखा आपोआप जोरात फिरतो, ढग आला की मंदावतो, आणि ड्रायरला हेच हवं असतं. पंखे खालच्या तोंडाला, आत हवा ढकलतील असे लावा. चिमणीत लावले तर गरम दमट हवेत त्यांची मोटर लवकर जाते. पण आधी एक हंगाम पंख्याशिवाय चालवा. पंख्याने अरुंद वाटेची चूक झाकली जाते आणि ढगाळ दिवशी ती पुन्हा वर येते.

पहिली परीक्षा: उदबत्ती आणि दोन थर्मामीटर

माल भरण्याआधी दुपारी १२ वाजता खालच्या तोंडाशी उदबत्ती धरा. तोंडापासून आत ३० सेंमीवर खूण करा आणि धूर तिथे किती वेळात पोहोचतो ते पाहा. एक सेकंद लागला तर वाट बरोबर आहे. दोन-तीन सेकंद लागले तर कुठेतरी अडलं आहे. धूर बाहेर येत असेल तर वारा चिमणीवरून आत घुसतो आहे, टोपी बदला.

एक थर्मामीटर पहिल्या ट्रेखाली, दुसरा आर्द्रता दाखवणारा चौथ्या ट्रेच्या वर. माल ओला असताना खाली ५५ ते ६० आणि वर ४२ ते ४८ अंश असेल तर ड्रायर नीट चालला आहे. वरची आर्द्रता २० ते ३० टक्के दिसेल. खाली ६५ च्या पुढे आणि वरची आर्द्रता ५० च्या पुढे गेली तर हवा कमी पडते आहे: जाळी साफ करा, टोपी उचला, मग माल कमी करा. याच क्रमाने. वरखाली फरक ४-५ अंशांचाच राहिला, तर एक तर माल वाळत आला आहे किंवा हवा दाराच्या फटीतून सुटते आहे. सकाळी ११ ला ओल्या मालावर असा फरक दिसला तर दार तपासा.

एका खेपेची हकिगत

दुसरा ड्रायर वरच्या मापांनी बांधला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नारायणगावच्या बाजारातून लांबट, घट्ट टोमॅटो आणले. धुऊन, देठ आणि डागी भाग काढून १० किलो चकत्या झाल्या. प्रत्येक रिकाम्या ट्रेचं वजन आधीच त्याच्या चौकटीवर मार्करने लिहिलं होतं, त्यामुळे दिवसभरात कधीही ट्रे काट्यावर ठेवला की माल किती उरला ते कळायचं. प्रत्येक ट्रेत अडीच किलो, सकाळी साडेनऊला दार बंद.

दुपारी १ वाजता सर्वांत खालच्या ट्रेत १ किलो ४०० ग्रॅम उरले होते, सर्वांत वरच्यात १ किलो ९५०. हवा वर पोहोचेपर्यंत तिचा चमचा भरत आलेला असतो, म्हणून हा फरक पडणारच. मग ट्रे फिरवले: खालचा सर्वांत वर, बाकीचे एकेक घर खाली. दर दोन तासांनी असंच. प्रत्येक वेळी पुढे-मागे ढकलायची बाजू बदलायला विसरू नका, नाहीतर नागमोडी वाट मोडते.

संध्याकाळी ५ ला एकूण वजन ४ किलो ४००. अर्ध्याहून जास्त वजन गेलं होतं, पण उरलेल्या मालात अजून ८६ टक्के पाणी होतं. पहिल्या रात्रीचा निर्णय इथे घ्यायचा असतो. असा ओला माल बंद कपाटात ठेवला तर रात्री आतली हवा दमट होते, भिंतींवर दव धरतं आणि सकाळी आंबूस वास येतो. आम्ही ट्रे घरात आणले, विटांवर ठेवले, वर सुती मलमल टाकली आणि छताचा पंखा चालू ठेवला. सकाळपर्यंत आणखी थोडं वजन उतरलं.

दुसऱ्या दिवशी चकत्यांची वरची साल चिवट झाली. आता पाणी आतून हळूहळू बाहेर येतं, हवा कितीही दिली तरी वेग वाढत नाही. संध्याकाळी वजन १ किलो ५० ग्रॅम. या रात्री उलट करायचं: माल कपाटातच ठेवून खालचं तोंड आणि चिमणी दोन्ही घट्ट बंद. वाळत आलेली चकती रात्रीच्या हवेतून ओल परत ओढते. तिसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत ६८० ग्रॅम झाले आणि खेप संपली. हिशेब दोन दिवसांचा होता, लागले अडीच. शेवटची ओल निघायला वेळ लागतोच, तेवढा धरून चाला.

झालं का हे वजनाने ठरवा आणि मग हाताने तपासा. चकती गार होऊ द्या, मग मोडा. गरम असताना वाळलेली चकतीही वाकते आणि लोक उगाच चार तास जास्त ठेवतात. गार चकती कट्‌कन तुटली पाहिजे आणि तुटलेल्या कडेला बोट दाबलं तर ओल लागता कामा नये. बाहेरून कडक आणि मध्ये गाभा ओला असेल, तर चकत्या जाड कापल्या गेल्या आहेत किंवा पहिल्याच तासांत ६५ च्या वर तापल्या आहेत.

नंतर काचेच्या बरणीत पाऊण भरा, झाकण लावा आणि आठवडाभर रोज हलवा. कमी-जास्त वाळलेल्या चकत्यांची ओल या काळात एकसारखी होते. आतून काचेवर धुकं दिसलं तर सगळा माल परत ड्रायरमध्ये, दोन-तीन तास. बुरशीचा एक ठिपकाही दिसला तर ती बरणी टाकून द्या, निवडत बसू नका.

कुठे थांबायचं

हे सगळे आकडे कोरड्या हवेचे आहेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुण्यात हवा २७ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची होते. ढगाळ दिवशी कलेक्टरने ती १० अंश तापवली तरी ती ४५ टक्क्यांच्या आसपास राहते, आणि चमचा अर्धाही भरत नाही. त्या दिवसांत टोमॅटो वाळवायला घेऊ नका, तीन दिवस रेंगाळून आंबतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून हवा पुन्हा कोरडी होते. डिसेंबर-जानेवारीत सकाळ गार असते आणि उन्हाचे तास कमी, म्हणून १० किलोऐवजी ६ ते ७ किलोच भरा.

याच पेटीत कांद्याच्या चकत्या, मेथी, कोथिंबीर वाळते. पालेभाजीला तापमान ४५ अंशांच्या आसपास हवं. त्यासाठी हवा अडवू नका, काचेचा खालचा अर्धा भाग पोत्याने झाका. मेथीच्या एका ट्रेत दीड किलोपेक्षा जास्त दाबून भरली तर पाला खाली बसून चटई होते आणि ट्रेखालून हवा गेली तरी वरचा थर हिरवाच राहतो.

पावसाळ्यात ड्रायर बंद करताना ट्रे काढून कोरडे करून घरात ठेवा, आणि दोन्ही तोंडांवर फळी ठोका. उघडी राहिली तर चिमणीत साळुंकी घरटं करते, आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्या उदबत्तीचा धूर आत न जाता तुमच्याच तोंडावर येतो.